रूम हजार रुपयानं महाग, बिलात फटका पंचवीस हजाराचा : हॉस्पिटलचं बिल कसं वाचायचं

मी आठ वर्षं सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमध्ये टीपीए डेस्कवर बसलो होतो. टीपीए म्हणजे इन्शुरन्स कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधे क्लेमचे कागद हलवणारी एजन्सी, आणि तिच्याशी बोलायला हॉस्पिटलात जी खिडकी असते ती टीपीए डेस्क. ती नोकरी सोडून आता बरेच दिवस झाले, पण अजूनही महिन्यातनं दोन-चार वेळा तरी कुणीतरी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतं आणि खाली लिहितं, "हे काय लावलंय बघ जरा."

मागच्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं. पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतनं ऑपरेशन झालं, सोमवारी रात्री नऊला ॲडमिट आणि शुक्रवारी दुपारी डिस्चार्ज. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण बिलाच्या खिडकीवर काका हातात कागद घेऊन उभे आणि मला फोन, "काय ओ, पॉलिसीत रूमचं लिमिट तीन हजार, मी घेतली चार हजाराची. म्हणजे रोजचा हजाराचा फरक, चार दिवसाचे चार हजार. तेवढे भरायची माझी तयारी आहे. हे सदतीस हजार आठशे कुठून आणले यांनी?"

काकांचा हिशोब साध्या व्यवहाराला धरून बरोबरच आहे. इन्शुरन्समध्ये मात्र तो तसा चालत नाही. का चालत नाही ते कळलं की हॉस्पिटलचं बिल अर्धं वाचता आलं असं समजा, म्हणून या लेखात मी काकांचंच बिल घेऊन बसतोय.

आधी कागद तीन लागतात

लोक बिल हातात घेतात आणि त्यातच उत्तर शोधत बसतात. बिल हा हॉस्पिटलचा कागद आहे, हॉस्पिटलनं किती लावले एवढंच त्यात कळतं. कंपनीनं त्यातले किती मान्य केले आणि कुठले का कापले ते वेगळ्या कागदावर असतं, त्याला फायनल अप्रूव्हल लेटर म्हणतात. आणि कापायचा अधिकार कंपनीला कशावरनं मिळाला ते तिसऱ्या कागदावर, म्हणजे तुमच्या पॉलिसीत. हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही.

बिलसुद्धा दोन प्रकारचं मिळतं. एक पानी समरी बिल, ज्यात 'मेडिसिन २१,४००' असा एकच आकडा असतो, आणि डिटेल बिल, ज्यात प्रत्येक सलाइन, प्रत्येक सिरिंज तारखेसकट असते. खिडकीवर न मागता बहुतेक वेळा समरीच मिळते. तुम्ही डिटेल मागा, हक्कानं मागा, कंपनीला पाठवायला हॉस्पिटलला ते काढावंच लागतं त्यामुळे "सिस्टिममधनं निघत नाही" या उत्तरात दम नसतो. अप्रूव्हल लेटर तर लोक मागतच नाहीत. डेस्कवरचा मुलगा तोंडी सांगतो "अडुसष्ट हजार चारशे पास झालेत, बाकीचे भरा" आणि लोक भरून मोकळे होतात. कापाकापीची कारणं ओळीओळीनं त्या लेटरमध्येच लिहिलेली असतात. आमच्याकडे दहा पेशंटमागं एखादा मागायचा, आणि जो मागायचा त्याचं काम जरा जपूनच केलं जायचं, हे मी आता सांगायला हरकत नाही.

काकांचं बिल

आकडे कमीत कमी ठेवतो, पण हे एकदा डोळ्याखालनं घाला, पुढं सगळं यावरच आहे.

रूम चार दिवस, रोज चार हजार, झाले १६,०००. नर्सिंग चार्जेस रोज पाचशे, झाले २,०००. सर्जनची फी ३०,०००, भूलतज्ज्ञांची ९,०००, ऑपरेशन थिएटरचे १२,००० आणि डॉक्टर व्हिजिटचे ६,०००, या चारांची बेरीज ५७,०००. मेडिसिन आणि सर्जिकल सामान २१,४००. रक्ताच्या तपासण्या, काढलेली पिशवी लॅबला पाठवली ती वगैरे सगळी मिळून ८,५५०. शेवटी फाइल ओपनिंग, डॉक्युमेंटेशन, हाउसकीपिंग असे किरकोळ १,२५०. एकूण १,०६,२००.

काकांनी ॲडमिट होताना वीस हजार डिपॉझिट भरलेलं. कंपनीनं पास केले ६८,४००. म्हणजे काकांच्या वाट्याला ३७,८००, त्यातनं डिपॉझिट वजा जाऊन खिडकीवर मागितले १७,८००.

दिवसांची मोजणी आधी बघायची, कारण ती सगळ्यात सोपी आहे आणि तिथं चूक झाली की खाली सगळीकडं चुकत जातं. सोमवार रात्री नऊ ते शुक्रवार दुपार हे चोवीस तासांनी मोजलं तर चार दिवस भरतात, कॅलेंडरच्या तारखांनी मोजलं तर पाच. कुठलं हॉस्पिटल चोवीस तास धरतं, कुठलं लॉजसारखं दुपारी बाराचा चेकआउट धरतं. कुठली पद्धत आहे ते ॲडमिट होतानाच विचारायचं. काकांच्या बिलात चारच दिवस लावले होते, तिथं तक्रार नव्हती.

लिमिट तीन हजार, पण रूम खरं तर साडेचार हजाराची

काकांची पॉलिसी तीन लाखाची आणि त्यात लिहिलंय की रूम भाडं रोज विम्याच्या रकमेच्या एक टक्क्यापर्यंत. तीन लाखाचा एक टक्का म्हणजे तीन हजार. इथपर्यंत काका बरोबर होते. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वाक्य पूर्ण वाचलं तर 'रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग मिळून' असं असतं. काकांच्याही पॉलिसीत तसंच होतं. म्हणजे चार हजाराची रूम अधिक पाचशे नर्सिंग, कंपनीच्या नजरेत ही रूम साडेचार हजाराची झाली.

तीन हजार भागिले साडेचार हजार. दोन तृतीयांश. हा अपूर्णांक लक्षात ठेवा, काकांचे पैसे यातनंच गेलेत.

रूमपुरतं गणित सरळ आहे. अठरा हजार लावलेत, लिमिट बारा हजार, सहा हजार काकांचे. पण कंपनी तिथं थांबत नाही, सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट या सत्तावन्न हजाराचेही ती दोन तृतीयांशच देते, म्हणजे अडतीस हजार, आणि एकोणीस हजार परत काकांच्याच अंगावर. सहा आणि एकोणीस, पंचवीस हजार. रूम जरा बरी घेतली एवढ्याच एका गोष्टीचे.

याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. मराठीत प्रमाणात कपात म्हणू.

पण सर्जनची फी रूममुळं का कापायची?

हा प्रश्न मला शंभर वेळा तरी विचारला गेला असेल आणि विचारणारा चिडलेलाच असतो. सर्जननं ऑपरेशन थिएटरमध्ये केलं, डिलक्स रूममध्ये थोडंच केलं?

मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. साधा हॉल घेतला तर ताट दोनशेचं. एसी हॉल घेतला तर कार्यालयवाला म्हणतो एसी हॉलला ताट तीनशेचं, तेच वरण, तीच शेंगापोळी, फक्त हॉल बदलला म्हणून दर बदलला. हॉस्पिटलांचंही बऱ्याच ठिकाणी तसंच असतं. जनरल वॉर्डातल्या पेशंटला पित्ताशयाच्या ऑपरेशनला सर्जनची फी वीस हजार, सेमी प्रायव्हेटला पंचवीस, डिलक्सला तीस. सर्जन तोच, दुर्बीण तीच. रूमचा वर्ग चढला की खालच्या सगळ्या ओळी चढतात. कंपनीचं म्हणणं असं की तू तीन हजाराच्या रूमचा विमा घेतला होतास, तर त्या रूमला जे ऑपरेशनचे दर पडले असते तेवढेच मी देणार, वरच्या वर्गामुळं फुगलेलं तुझं तू बघ.

हे तत्त्व मला स्वतःला पूर्ण अन्यायाचं वाटत नाही. अन्याय होतो तो पुढच्या दोन ठिकाणी, आणि तिथं भांडायला नियमाचा आधारही आहे.

कुठल्या ओळींना कात्री लावता येत नाही

इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणारी आयआरडीएआय नावाची सरकारी संस्था आहे. तिनं २०२० मध्ये या कपातीला हद्द घालून दिली. प्रमाणात कपात फक्त रूमशी संबंधित वैद्यकीय खर्चाला लावायची, आणि त्या खर्चात औषधं आणि वापरून टाकायचं सामान येत नाही, शरीरात बसवलेले इम्प्लांट आणि उपकरणं येत नाहीत आणि तपासण्याही येत नाहीत. कारण उघड आहे. सलाइनच्या बाटलीवर एमआरपी छापलेली असते, ती डिलक्सला वेगळी आणि जनरलला वेगळी नसते. आयसीयूच्या चार्जेसवरही ही कपात लावता येत नाही.

आता काकांच्या अप्रूव्हल लेटरमध्ये काय होतं बघा. मेडिसिनच्या २१,४०० मधनं २,३५० 'नॉन पेएबल' म्हणून काढले, राहिले १९,०५०, आणि मग त्याच्याही पुढं कारण लिहिलं 'प्रपोर्शनेट' आणि पास केले १२,७००. गेले ६,३५०. तपासण्या ८,५५०, तिथंही प्रपोर्शनेट, पास ५,७००, गेले २,८५०. दोन्ही मिळून ९,२०० रुपये, जे कापायलाच नको होते.

हे मुद्दाम केलं का चुकून झालं, मला माहीत नाही. डेस्कवर असताना मी असं बघितलंय की बिलात मेडिसिन आणि सामान वेगळं न दाखवता सगळं 'हॉस्पिटल चार्जेस' या एका नावाखाली आलं की तिकडं बसलेला माणूस सगळ्यालाच एक अपूर्णांक लावून मोकळा होतो. म्हणून डिटेल बिल गेलंय का समरी गेलीय हे महत्त्वाचं.

ओळखायचं कसं? लई सोपं आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. लेटरमध्ये मेडिसिनच्या ओळीला पास रक्कम भागिले मागितलेली रक्कम करा, नॉन पेएबल आधी काढून. उत्तर रूमच्या अपूर्णांकाएवढंच आलं, काकांचं आलं ०.६६, तर समजायचं कात्री तिथंही चालली.

दुसरी जागा जास्त मोठी आहे पण सिद्ध करायला अवघड. त्याच नियमात असंही आहे की जे हॉस्पिटल रूमच्या वर्गाप्रमाणं दर बदलतच नाही, तिथं ही कपात लावता येत नाही, किंवा ज्या खर्चाचा दर रूमप्रमाणं बदलत नाही त्या खर्चाला लावता येत नाही. सोलापुरात डॉक्टर नवरा-बायको चालवतात अशी पंधरा-वीस बेडची हॉस्पिटलं भरपूर आहेत, तिथं ऑपरेशनचा दर एकच असतो, रूम कुठलीही घ्या. अशा ठिकाणी दरपत्रकाची कॉपी किंवा लेटरहेडवर 'आमच्याकडं रूमप्रमाणं फी बदलत नाही' अशी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर काकांसारख्याचे एकोणीस हजारही वाचतात. काकांच्या हॉस्पिटलात वर्गवार दर होते, बोर्डवरच लावलेले, त्यामुळं तो मार्ग बंद. (दरपत्रक लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी सक्तीचं केलंय, रिसेप्शनच्या मागं किंवा जिन्याखाली कुठंतरी असतंच, ॲडमिट होताना एक फोटो मारून ठेवा.)

नॉन पेएबल म्हणजे नेमकं काय

कंपनी कशाचे पैसे देत नाही याच्या ठरलेल्या याद्या आहेत. पहिल्या यादीत अशा वस्तू ज्या पेशंटच्या खिशातनंच जातात: ग्लोव्हज, मास्क, डायपर, थर्मामीटर, ईसीजीचे इलेक्ट्रोड, नातेवाइकाचं जेवण असलं. वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर हे भरायचेच, वाद घालून उपयोग नाही.

त्या यादीत एक मजेशीर ओळ आहे, 'आत काय आहे ते न लिहिलेलं कुठलंही किट'. काकांच्या २,३५० मध्ये १,४०० रुपये एका 'ओटी किट'चे होते. त्या किटमध्ये नुसते गाऊन-ग्लोव्हज होते का टाक्याचे दोरेपण होते, बिलावर काहीच नाही. फोडून लिहिलं असतं तर त्यातलं काही पास झालं असतं. हे काम हॉस्पिटलचं आहे, बिल पाठवायच्या आधी करायचं, नंतर कुणी करत नाही.

बाकीच्या याद्या वेगळ्या जातीच्या आहेत. त्यात असं म्हटलंय की फाइल ओपनिंग, डॉक्युमेंटेशन, हाउसकीपिंग, एसी, चादर, हे रूमच्या भाड्यातच आलं, आणि कापूस, गॉज, ब्लेड हे ऑपरेशनच्या चार्जमध्ये आलं. म्हणजे कंपनी वेगळे देणार नाहीच, पण मुळात ते वेगळे लावायचेच नव्हते. काकांच्या बिलातले १,२५० या प्रकारातले. इथं कंपनीशी नाही, हॉस्पिटलशी बोलायचं, शांतपणे, "साहेब, रूमचे चार हजार घेतलेत, झाडूपोछा त्यातच आला ना?" काकांचा मुलगा बोलला, मॅनेजरनं हाउसकीपिंगचे पाचशे कमी केले, बाकीच्याला नाही म्हणाला.

डिपॉझिट कुठं जातं

कॅशलेस असून डिपॉझिट कशाला, असं लोक विचारतात. हॉस्पिटलची बाजू अशी की कंपनी किती कापणार ते आधी कळत नाही आणि पेशंट घरी गेल्यावर फरकाचे पैसे वसूल करणं अवघड. खरं आहे. पण डिपॉझिट हा खर्च नाही, उचल आहे. फायनल बिलात ते पावती नंबरासकट वजा दिसलं पाहिजे. पहिल्या रात्री घाईत भरलेली रक्कम हातानं लिहिलेल्या पावतीवर असते आणि नंतर कॉम्प्युटरला चढवायची राहते, हे मी स्वतःच्या हातनं झालेलं बघितलंय. पावती हरवली तर तुम्ही किती भरले याचं दुसरं काही उरत नाही, म्हणून पावतीचाही फोटो.

औषधांचंही तसंच. नातेवाईक खालच्या मेडिकलमधनं पिशवी भरून वर आणतात, वापरून उरलेलं परत जातं. डिटेल बिलात परत गेलेल्या औषधांच्या ओळी वजा चिन्हात असतात. ऑपरेशनच्या दिवशी सामान ढीगभर चढलंय आणि एकही वजा ओळ नाही असं दिसलं तर विचारायचं. पहिल्या रात्री अप्रूव्हल यायच्या आधी जे रोखीनं घेतलं तेच परत बिलातही चढलंय का, हेपण तारखेनं जुळवून बघायचं. चढलं नसेल तर ते रोखीचं बिल फेकू नका, त्याचा क्लेम नंतर वेगळा लावता येतो.

पॅकेज असेल तर गोष्ट वेगळी

काकांचं बिल ओपन होतं, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव. पण काही कंपन्या आणि हॉस्पिटल यांच्यात ठरावीक ऑपरेशनांचा एकच दर ठरलेला असतो, त्याला पॅकेज. राईस प्लेटसारखं समजा. दोन चपात्या, भाजी, वरण, भात सगळं मिळून एवढे. वाटी वाटीचा भाव लावायचा नाही. ऑपरेशनच्या पॅकेजात साधारण रूम, थिएटर, सर्जन, भूल, नेहमीची औषधं आणि ठरलेले दिवस येतात.

समजा काकांच्या ऑपरेशनचं त्यांच्या पात्र रूमचं पॅकेज बासष्ट हजार असतं. तरी हॉस्पिटलच्या सिस्टिममधनं बिल एक लाख सहा हजाराचंच निघालं असतं, कंपनीनं बासष्ट पास केले असते, आणि लेटरमध्ये उरलेल्या रकमेसमोर 'टॅरिफ' किंवा 'एमओयू डिस्काउंट' असं काहीतरी लिहिलं असतं. हा डिस्काउंट हॉस्पिटलनं कंपनीला कबूल केलेला असतो. पेशंटनं भरायचा नसतो. तरी काही ठिकाणी "एवढेच पास झाले, बाकीचे तुम्ही भरा" म्हणून खिडकीवर तोच फरक मागितला जातो, आणि पेशंटला वाटतं कंपनीनं फसवलं. म्हणून लेटरमध्ये कपातीचं कारण वाचायचं. कारण 'नॉन पेएबल' असेल, रूमचं असेल किंवा पॉलिसीतलाच ठरावीक हिस्सा असेल तर तुमचं. 'टॅरिफ', 'पॅकेज', 'एमओयू' असेल तर हॉस्पिटलचं.

अपवाद एकच. तुम्ही स्वतःहून वरच्या वर्गाची रूम मागितली किंवा पॅकेजाबाहेरची जाळी, लेन्स असं काही निवडलं आणि तसं लिहून सही दिली, तर तो फरक तुमच्याकडं येतो. ॲडमिट होताना ज्या दहा-बारा ठिकाणी सह्या घेतात त्यात हा कागद असतो. वाचून सही करा म्हणून सांगणं सोपं आहे, पोटात कळा येत असताना कोण वाचतंय, पण शुद्धीत असलेल्या नातेवाइकानं तरी वाचावा.

(महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं गणित हे नव्हे. तिथं योजनेत बसणाऱ्या उपचाराचे पेशंटकडनं पैसे घ्यायचेच नसतात.)

डिस्चार्ज सकाळी सांगितला, पेपर संध्याकाळी आले

डॉक्टर सकाळी राउंडला "आज घरी जा" म्हणतात आणि पेशंट कपडे बदलून बेडवर बसून राहतो, पाहुणे मंगळवेढ्यावरनं गाडी घेऊन आलेले असतात, आणि दिवस जातो. मे २०२४ च्या परिपत्रकात आयआरडीएआयनं सांगितलंय की ॲडमिशनच्या वेळची कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासात द्यायची, आणि तीन तासाच्या पुढं उशीर होऊन हॉस्पिटलनं जास्तीचे काही लावले तर ते कंपनीनं सोसायचे.

लोक इथं एक चूक करतात. तीन तास डॉक्टरांच्या राउंडपासनं मोजतात. ते मोजायचे हॉस्पिटलनं फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी कंपनीला पाठवली तिथनं. काकांच्या केसमध्ये डॉक्टर साडेनऊला बोलले, मेडिसिन रिटर्न, लॅबचे रिपोर्ट, समरी टाइप होणं यात साडेबारा वाजले, आणि कंपनीचं उत्तर पावणेतीनला आलं. कंपनीनं तिची वेळ पाळली होती, तीन तास हॉस्पिटलातच गेले. डेस्कवर विचारायचा प्रश्न "मंजुरी आली का" हा नाहीच, "फाइल किती वाजता पाठवली" हा आहे.

मग काकांनी काय केलं

लेटर बघितल्यावर मी डेस्कवरच्या मुलाला फोनवर सांगितलं की रीकन्सिडरेशन टाक, मेडिसिन आणि तपासण्यांना प्रपोर्शनेट लागत नाही. पोरगं चांगलं होतं, त्यानं मेल टाकलापण. पण शुक्रवारची संध्याकाळ, उत्तर येईना, काकूंचा जीव टांगणीला लागलेला. भांडत बसण्यापेक्षा घरी जाणं बरं असं ठरलं. हाउसकीपिंगचे पाचशे जाऊन १७,३०० भरले, पावती घेतली, डिटेल बिल आणि अप्रूव्हल लेटरवर शिक्के घेतले.

पैसे भरले म्हणजे हक्क गेला असं काही नसतं. सोमवारी काकांच्या मुलानं कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. फार लिहायची गरज नव्हती. क्लेम नंबर, लेटरमधल्या त्या दोन ओळी, पॉलिसीच्या डेफिनिशनच्या पानाचा फोटो जिथं 'संबंधित वैद्यकीय खर्च' याची व्याख्या आहे आणि औषधं, तपासण्या त्यातनं वगळल्यात, भरलेली पावती, आणि मागणी ९,२०० ची. मी मुद्दाम सांगितलं की पंचवीस हजाराबद्दल एक अक्षर लिहू नको. ते पॉलिसीप्रमाणं बरोबर कापलेत, ते यात मिसळलं की समोरचा माणूस सगळं एका ओळीत फेटाळतो.

कंपनीनं दाद दिली नसती तर पुढची पायरी आयआरडीएआयचं बिमा भरोसा पोर्टल. आणि कंपनीनं नाही म्हटलं किंवा तीस दिवसात उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपाल, सोलापूरकरांसाठी ते ऑफिस पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही. हॉस्पिटलबद्दलची तक्रार मात्र या दोघांकडं चालत नाही, दरपत्रक लावलं नाही, डिटेल बिल दिलं नाही असलं काही असेल तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं जायचं.

तर मग स्वस्त रूमच घ्यायची का?

लिमिट असलेली पॉलिसी असेल तर सरळ उत्तर, हो. काकांनी नर्सिंगसकट तीन हजारात बसणारी रूम घेतली असती तर सर्जनची फीसुद्धा खालच्या वर्गाची लागली असती, कपात शून्य, आणि खिशातनं गेले असते फक्त ते नॉन पेएबल आणि किरकोळ मिळून ३,६००. रूम शिल्लक नाही म्हणून हॉस्पिटलनं वरची दिली असेल, असं सोलापुरात डेंगीच्या दिवसात हमखास होतं, तर तसं लेखी घ्या आणि भाव खालच्या वर्गाचा लावायला सांगा, ॲडमिट होतानाच सांगा. दोन दिवसांनी खाली रूम रिकामी झाली की शिफ्ट करून घ्या.

काका यावर म्हणाले, "हे आधी सांगायचं ना बे, कॉमन संडास असता तरी चाललं असतं मला."

९,२०० रुपये तेविसाव्या दिवशी खात्यावर आले. त्यानंतर काकूंना कपाटात काकांच्या जुन्या सोनोग्राफीची बाराशेची पावती सापडली, ॲडमिशनच्या नऊ दिवस आधीची. त्यांच्या पॉलिसीत ॲडमिट व्हायच्या आधीचे तीस दिवस कव्हर आहेत, तर आता तिचा क्लेम फॉर्म भरायला रविवारी माझ्याकडं येणार आहेत.